इन्शुरन्स फंड आणि एडीएल: नफ्यातला शॉर्ट अचानक बंद का होतो

क्रिप्टो फ्युचर्स करणारे बरेच जण म्हणतात, "एक्सचेंजकडे इन्शुरन्स फंड आहे, मग काय टेन्शन". पण तो फंड तुमचा विमा नाहीच, तुमचं नुकसान झालं म्हणून त्यातून एक रुपया मिळत नाही. लिक्विडेट झालेल्या, म्हणजे तोट्यामुळे एक्सचेंजने पोझिशन जबरदस्तीने बंद केलेल्या माणसाचं मार्जिन, म्हणजे तारण ठेवलेले पैसे, संपूनही जो खड्डा उरतो तो भरायला तो असतो, आणि फंड कमी पडला की तोच खड्डा नफ्यातल्या लोकांच्या पोझिशन्स कापून भरतात, त्याला ऑटो-डीलिव्हरेजिंग म्हणजे एडीएल म्हणतात.

समजा एकाने 100 डॉलरला 10 पट लिव्हरेजवर, म्हणजे किमतीचा दहावा भागच स्वतःचा लावून, 1000 कॉइन लॉन्ग घेतले, म्हणजे भाव वाढेल यावर पैज लावली. भाव 90 ला आला की त्याचं मार्जिन शून्य, म्हणून एक्सचेंज त्याच्या थोडं आधीच लिक्विडेशन सुरू करतं. 90 च्या वर विकलं गेलं तर उरलेले पैसे साधारणपणे फंडात जातात. पण भाव धाडकन 85 ला गेला, मध्ये घेणारा कोणीच नाही, तर कॉइनमागे 5 म्हणजे एकूण 5000 डॉलरचा खड्डा. फंडाने भरला तर तुम्हाला कळतही नाही. नाही भरला तर 100 ला शॉर्ट केलेल्या, म्हणजे भाव पडेल यावर पैज लावलेल्या कोणाची तरी पोझिशन 90 लाच बंद होते, बाजारात 85 चालू असताना, म्हणजे 15 च्या जागी 10 च हातात.

नंबर कोणाचा लागतो? बहुतेक ठिकाणी नफ्याची टक्केवारी आणि लिव्हरेज दोन्ही जास्त असलेला रांगेत पुढे, म्हणजे ज्याचा अंदाज सगळ्यात बरोबर ठरला तोच आधी, आणि मला हे खरंच अन्यायाचं वाटतं, पण खड्डा भरायला पैसे तिथेच असतात.

खरा मार तर हेजवाल्यांना, म्हणजे एका पोझिशनचा तोटा दुसरीने सांभाळणाऱ्यांना बसतो. 10 ऑक्टोबर 2025 ला ट्रम्पनी चीनवर 100 टक्के जादा टॅरिफ जाहीर केला, आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट उजाडायची होती, आणि 24 तासांत 19 अब्ज डॉलरहून जास्त पोझिशन्स लिक्विडेट झाल्याचे आकडे आले. हायपरलिक्विड या एक्सचेंजसकट अनेक ठिकाणी एडीएल झालं. बिटकॉइन लॉन्ग आणि ऑल्टकॉइन, म्हणजे बिटकॉइन सोडून दुसरं एखादं कॉइन, शॉर्ट अशी जोडी क्रॉस मार्जिनवर, म्हणजे सगळ्या पोझिशन्सना एकच सामायिक मार्जिन ठेवून धरली असेल तर शॉर्टचा नफा लॉन्गचा तोटा सांभाळत असतो, एडीएलने शॉर्ट गेला की लॉन्ग एकटा उघडा पडतो आणि भाव अजून पडला की तोही लिक्विडेट होतो. स्टॉपलॉस इथे कामाचा नाही कारण शॉर्ट तुम्ही बंद करतच नाही, एक्सचेंज करतं.

बायनान्ससारख्या ठिकाणी पोझिशनशेजारी एडीएलचे छोटे दिवे असतात, सगळे पेटले म्हणजे तुम्ही रांगेत पुढे. तेव्हा थोडा नफा काढून पोझिशन लहान केली की बंद झाली तरी फटका कमी, आणि मार्जिन आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पोझिशनचं वेगळं असेल तर ते वाढवलं की प्रत्यक्ष लिव्हरेज उतरतं आणि रांगेत मागे जाता, पण हे मूव्ह सुरू व्हायच्या आधी करायचं, कारण ऐनवेळी ॲपही नीट चालेल याची खात्री नसते.