पार्श्वभूमी : हिंदी ‘संशोधन’ आणि मराठी ‘संशोधन’ वेगळे कसे झाले

दोन भाषांत सारखे दिसणारे, पण अर्थाने वेगळे असलेले शब्द ‘फसवे मित्र’ म्हणून ओळखले जातात. हे नाव फ्रेंचमधून आले. 1928 साली इंग्रजी आणि फ्रेंचमधल्या अशा शब्दांवर तिथे एक पुस्तक निघाले आणि त्याच्या शीर्षकातून ते जगभर गेले. मराठी माणसाला मात्र असे शब्द सर्वाधिक भेटतात ते हिंदीत. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी, दोन्हींचे उसने शब्द संस्कृत आणि फारसीतले. त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो आणि कोश उघडायचे कोणाला सुचत नाही. शिक्षा, चेष्टा, संसार ही शाळेपासून ठाऊक असलेली उदाहरणे इथे बाजूला ठेवू. ती सहज पकडली जातात. खरी अडचण कायदा, कारभार आणि बातम्यांच्या भाषेत आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर फारसी शब्द आधीच वेगवेगळ्या वाटांनी गेले होते. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात राजी असल्याचा लेख. उत्तरेकडच्या कचेऱ्यांत दोन पक्षांमधल्या तडजोडीच्या लेखाला हे नाव राहिले. मुंबई इलाख्याच्या महसूल दफ्तरात मात्र जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. हक्क राजीखुशीने सोडल्याचे पत्र, हा अर्थ इकडे रुजला. आज मराठीत मंत्री राजीनामा देतो, हिंदीत तो इस्तीफा देतो. ‘हरकत’ही अशीच फाटली. मराठीत हरकत घ्यायची असते, तर हिंदीत ‘ऐसी हरकत’ म्हणजे असले वागणे.

संस्कृत शब्दांचे असे होणार नाही, हा समज नंतरच्या मोठ्या निर्णयामागे होता. 1950 च्या राज्यघटनेतील 351 व्या अनुच्छेदाने हिंदीचा शब्दसंग्रह वाढवताना मुख्यतः संस्कृतचा आधार घ्यावा असे सांगितले. 1961 मध्ये केंद्राने परिभाषेसाठी कायमचा आयोग नेमला. त्याच्या तत्त्वांमध्ये, शक्य तितक्या भारतीय भाषांना सामाईक आणि संस्कृत धातूंवर आधारलेले शब्द निवडावेत, असे कलम होते. हेतू चांगला होता. अभियंत्याला पुण्यात आणि पाटण्यात एकच शब्द वाचता यावा, ही अपेक्षा गैर नव्हती. पण धातू एक असला की अर्थही एकच राहील, हे गृहीतक चुकीचे होते. मराठी, हिंदी, गुजराती आणि कन्नड या भाषांनी संस्कृत शब्द आपापल्या गरजेप्रमाणे शतकभर आधीच वापरात आणले होते. एका भाषेने घडवलेला शब्द दुसरीकडे गेला, की तिथली जागा आधीच भरलेली असे.

याचा सर्वांत मोठा गुंता ‘संशोधन’ या शब्दात दिसतो. सम् आणि शुध् मिळून अर्थ होतो नीट शुद्ध करणे. हिंदीने शुद्ध करण्यातून ‘दुरुस्ती’ घेतली. म्हणून ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती आणि ‘संशोधन विधेयक’ म्हणजे दुरुस्ती किंवा सुधारणा विधेयक. मराठीने छाननी करून खरे काय ते शोधणे हा अर्थ घेतला. 1910 साली पुण्यात इतिहासाच्या अभ्यासकांनी मंडळ काढले, तेव्हा त्याच्या नावात ‘संशोधक’ शब्द होता. म्हणजे घटना लिहिली जाण्याच्या चाळीस वर्षे आधी मराठीत हा अर्थ पक्का झाला होता. गुजराती आणि कन्नडही या बाबतीत मराठीच्या बाजूने आहेत. हिंदीतला अर्थ अखिल भारतीय मानायला आधार नव्हता, तो फक्त हिंदीचा होता.

प्रश्न या एका शब्दावर थांबत नाही, कारण त्याने शेजारच्या शब्दांनाही हलवले आहे. मराठीत ज्याला संशोधन म्हणतात त्याला हिंदी ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ म्हणते. मराठीत शोध म्हणजे तपास, किंवा वाफेच्या इंजिनाचा लागतो तो. त्या दुसऱ्या अर्थी हिंदी ‘आविष्कार’ वापरते, आणि मराठीत आविष्कार म्हणजे मनातले प्रकट होणे, अभिनेत्याचा किंवा कवीचा. ‘अनुसंधान’ मराठीत देवाच्या नामाचे असते, मनाने सतत धरून ठेवलेले. चार खुर्च्यांवर चार जण प्रत्येकी एक जागा सरकून बसले आहेत, तशी ही साखळी आहे. एक शब्द चुकला की पुढचा सहज चुकतो.

‘सूचना’ या शब्दाचे नुकसान जास्त आहे, कारण तिथे चूक दिसतच नाही. हिंदीत सूचना देना म्हणजे कळवणे. ‘एक व्यक्ति ने पुलिस को सूचना दी’ याचे ‘एकाने पोलिसांना सूचना दिली’ असे मराठी केले, तर वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. मात्र कळवणाऱ्या सामान्य माणसाने पोलिसांना आज्ञा केली, असा त्याचा अर्थ झाला. उलट ‘मंत्री ने सदन को सूचना दी’ मधले माहिती देणे मराठीत आदेशासारखे वाचले जाते आणि वाचकाला शंकाही येत नाही. इथे मराठी राज्यकारभाराने शहाणपण दाखवले. महाराष्ट्राचा 2002 चा कायदा ‘माहितीचा अधिकार’ या नावाने आला. 2005 च्या केंद्रीय कायद्याला हिंदीत ‘सूचना का अधिकार’ म्हणत असले, तरी मराठीत जुनेच नाव टिकले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यातले ‘आपदा प्रबंधन’ मराठीत ‘आपत्ती व्यवस्थापन’ झाले, तेही बरोबर, कारण मराठीत आपत्ती म्हणजे संकटच; हिंदीत मात्र आपत्ति म्हणजे बहुधा हरकत.

बातमीच्या टेबलावर चूक टाळायची, तर पूर्ण वाक्य घेऊन पाहावे. समजा मजकूर असा आहे : ‘विपक्ष ने संशोधन विधेयक पर आपत्ति जताई.’ शब्द तसेच उचलले, तर ‘विरोधकांनी संशोधन विधेयकावर आपत्ती व्यक्त केली’ असे होते. आधी प्रत्येक नामाचे क्रियापद पाहावे. आपत्ती मराठीत येते, कोसळते, ओढवते; ती कोणी व्यक्त करत नाही. हा जोड बसत नाही, म्हणजे इथे शब्द बदलायला हवा. मग विधेयकाने काय होते ते विचारावे. आधीचा कायदा बदलतो, म्हणून दुरुस्ती. तिसरी पायरी म्हणजे त्या कायद्याचे अधिकृत मराठी नाव उघडून पाहणे, कारण तिथे ‘सुधारणा’ असू शकते आणि नाव आपल्या मनाने ठरवायचे नसते. वाक्य होते : ‘दुरुस्ती विधेयकाला विरोधकांनी हरकत घेतली.’ क्रियापदाची ही कसोटी ‘सूचना’सारख्या शब्दांपुढे थिटी पडते, कारण ‘सूचना देणे’ दोन्हीकडे चालते. तिथे कोणाचा अधिकार कोणावर चालतो, हेच पाहावे लागते.

अलीकडे काही शब्दांची सीमाच सरकते आहे. मराठीत व्यस्त म्हणजे उलट. शाळेत सम आणि व्यस्त प्रमाण त्याच अर्थाने शिकवतात. कामात असलेला माणूस मराठीत गुंतलेला किंवा व्यग्र असतो. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रित मराठी संदेशात मात्र समोरची व्यक्ती ‘व्यस्त’ असते, आणि हा वापर आता बातम्यांतही शिरला आहे. जुन्या मजकुरातले व्यस्त अजून उलटच आहे, त्यामुळे संपादकाला आता मजकूर कोणत्या वर्षाचा आहे हेही पाहावे लागते.