टोकाला काय होतं? द्विपद श्रेणीच्या अंतरालाची पार्श्वभूमी

1676 मध्ये न्यूटनने लायब्निझला पोचवण्यासाठी लिहिलेल्या पत्रांत (1+x)^m ची अनंत श्रेणी होती: 1 + mx + m(m−1)x²/2 + … घातांक m अपूर्णांक किंवा ऋण असला तरी ती त्याने बिनदिक्कत वापरली. ती x च्या कोणत्या किमतींना चालते, याचा काटेकोर हिशोब मात्र दीडशे वर्षं रखडला.

1821 मध्ये कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात अभिसरणाच्या कसोट्या नीट मांडल्या. गुणोत्तर कसोटी लावली की लगतच्या सहगुणकांचं गुणोत्तर |(m−n)/(n+1)| हे 1 कडे जातं. म्हणून m शून्य किंवा धन पूर्णांक नसेल तर अभिसरण त्रिज्या 1. पण x = 1 आणि x = −1 ला हीच कसोटी 1 हे उत्तर देऊन गप्प बसते. तिथे ती पुन्हा लावून काही निघणार नाही, वेगळी कसोटी शोधावी लागते.

ही दोन टोकं 1826 मध्ये आबेलने क्रेलेच्या नियतकालिकात हाताळली. x = 1 ला श्रेणी m > −1 असतानाच अभिसारी, x = −1 ला m ≥ 0 असतानाच. एकाच श्रेणीची दोन टोकं इतकी वेगळी वागतात, हे m = −1/2 घेऊन पडताळता येतं.

इथे सहगुणकांची निरपेक्ष किंमत aₙ = (1·3·5…(2n−1))/(2·4·6…2n). x = −1 ला सगळी पदं धन होतात. अंशातले अवयव एक घर सरकवले की aₙ = (1/2n)·(3/2)(5/4)…((2n−1)/(2n−2)), म्हणजे aₙ ≥ 1/(2n). हरात्मक श्रेणी अपसारी आहे, हे चौदाव्या शतकात ओरेमने दाखवलेलंच होतं. तेव्हा तुलनेने हीसुद्धा अपसारी.

x = 1 ला चिन्हं आलटून-पालटून येतात, म्हणून लायब्निझची कसोटी. तिच्या दोन अटी आहेत, आणि विद्यार्थी बहुधा दुसरी विसरतात. aₙ घटत जातो, कारण प्रत्येक पद आधीच्या पदाच्या (2n+1)/(2n+2) पट असतं. पण तो शून्याकडे जातो का? घटत जाणारी पदं 1/2 पाशीही थबकू शकतात. वर्ग करून जोड्या लावल्या की aₙ² = (1·3/2²)(3·5/4²)…((2n−1)(2n+1)/(2n)²)·1/(2n+1). कंसातला प्रत्येक अवयव 1 पेक्षा लहान, म्हणून aₙ² < 1/(2n+1). दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, अंतराल (−1, 1].

टोकाला श्रेणी अभिसारी असली तरी तिची बेरीज फलाच्या किमतीइतकीच येते, हे आपोआप ठरत नाही. आबेलने त्याच लेखात ते सिद्ध केलं, त्यामुळे इथे बेरीज 1/√2 म्हणता येते. उलट दिशा मात्र बंद आहे. m = −1 घेतलं तर x = 1 ला फलाची किंमत 1/2 आहे, श्रेणी 1 − 1 + 1 − 1 + … आहे, आणि तिची पदं शून्याकडे जातच नाहीत.