लॅपटॉपची बॉडी का झिणझिणते? दोन पिनचा चार्जर, तीन पिनचा अडॅप्टर आणि अर्थिंग

गिरगाव, लालबाग, परळकडची मंडळी दुकानात येतात तेव्हा एक तक्रार नेहमी कानावर येते: "चार्जिंगला लावलं की लॅपटॉपची बॉडी झिणझिणते. शॉक आहे का हा?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, "मोबाईलच्या चार्जरला दोनच पिन असतात, त्याला अर्थिंग कुठाय? मग तो चालतो कसा?" काउंटरवर घाईत दोन वाक्यांत सांगून हे समाधान होत नाही, म्हणून हे पत्रक.

घरातल्या बोर्डावर 230 व्होल्ट असतात. ते तुमच्या हातापर्यंत पोचू नयेत यासाठी उपकरण दोन प्रकारे बनवता येते. पहिल्या प्रकारात आत एक इन्सुलेशन असते आणि हाताला लागणारा धातू अर्थच्या वायरला जोडलेला असतो. इन्सुलेशन फाटून फेज त्या धातूला लागला, तर करंट अर्थमधून मोठ्या प्रमाणात वाहतो आणि एमसीबी पडतो किंवा फ्यूज उडतो. इस्त्री, फ्रिज, गीझर असेच असतात. यांना अर्थिंग हवेच, त्याला पर्याय नाही.

दुसरा प्रकार दुहेरी इन्सुलेशनचा. इथे 230 व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताची बाजू यांच्यामध्ये दोन आवरणे असतात, किंवा दोघांच्या तोडीचे एक मजबूत आवरण. एक निकामी झाले तरी दुसरे पुरेसे पडते. बाहेरून प्लास्टिकच असल्यामुळे अर्थची वायर जोडायला जागाच नसते. मोबाईलचा चार्जर हा असा. चांगला चार्जर उघडून पाहिला, तर आतल्या बोर्डाच्या मधोमध पाचेक मिलिमीटर किंवा त्याहून रुंद कोरा पट्टा दिसतो. त्याच्या एका बाजूला वीज, दुसऱ्या बाजूला तुमचा मोबाईल. तो पट्टा ओलांडायला मोजकेच भाग असतात. ट्रान्सफॉर्मर असतो, त्याची तार बहुधा तिहेरी थराच्या इन्सुलेशनची. इकडचा निरोप तिकडे प्रकाशाने पोचवणारा एक छोटा भाग असतो. आणि बहुतेकदा एक निळा, चपटा कपॅसिटर असतो, म्हणजे घरातल्या विजेचा अगदी थोडा करंट पलीकडे जाऊ देणारा भाग. या दोन बाजूंमध्ये साधारण 3000 व्होल्ट लावून चाचणी करतात.

अशा वस्तूच्या लेबलवर मोठ्या चौकोनात छोटा चौकोन छापलेला असतो. अर्थची पिन नाही आणि हे चिन्हही नाही, असा चार्जर घेऊ नका.

मग झिणझिण्या कशाच्या?

बऱ्याच लॅपटॉपचा अडॅप्टर प्लास्टिकचाच, तरी प्लग तीन पिनचा असतो. आतल्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, अर्थला जोडलेले असतात. सर्किटमधला खरखराट त्यांच्यातून अर्थमध्ये जातो. अनेक अडॅप्टरमध्ये आउटपुटची मायनस बाजूही अर्थलाच जोडलेली असते, आणि लॅपटॉपची धातूची बॉडी मायनसला. म्हणजे बॉडी त्या तिसऱ्या पिनच्या भरवशावर असते.

आता जुन्या चाळीतली खोली घ्या. बोर्डावर दोन पिनचे सॉकेट, भिंतीत अर्थची वायर कधी आलेलीच नाही. मुलीच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घेतला, प्लग बसेना, म्हणून तीनाचे दोन करणारा कन्व्हर्टर लावला. अर्थ तुटला आणि ते दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधे लटकत राहिले. त्यांच्या मधल्या बिंदूवर निम्मा दाब येतो, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, आणि तोच लॅपटॉपच्या बॉडीवर. मल्टिमीटर शंभरच्या वर दाखवतो, टेस्टरचा दिवा लागतो, घरात घबराट होते.

पण त्यामागे करंट किती आहे ते पाहावे लागते. समजा दोन्ही कपॅसिटर 2.2 नॅनोफॅरडचे आहेत. तर बॉडीतून माणसामार्फत जमिनीत जास्तीत जास्त 0.16 मिलिअँपिअर जाऊ शकतो. कपॅसिटर मोठे असतील तर थोडा जास्त. साधारण अर्धा मिलिअँपिअर झाला की हाताला कळू लागते. पण मनगटाची आतली पातळ त्वचा बॉडीच्या कडेवर हलकीच टेकली, तर त्याहून कमीही जाणवतो. यातून इजा होत नाही. मुलीचा लॅपटॉप त्याच अडॅप्टरने नीट अर्थ असलेल्या सॉकेटवर लावला, तर झिणझिणणे थांबते.

दोन पिनच्या चार्जरलाही कधी असेच जाणवते, कारण तो निळा कपॅसिटर दोन्ही बाजूंना जोडतो. जुन्या मानकात अशा चार्जरसाठी 0.25 मिलिअँपिअरची मर्यादा आहे. चांगल्या कंपन्या तिथे बिघडला तर जोडला न जाता तुटून सुटणारा, खास सुरक्षेचा कपॅसिटर घालतात. त्यावर Y1 लिहिलेले असते. फुटपाथवरच्या चार्जरमध्ये कधी साधा कपॅसिटर असतो, कोरा पट्टाही नावालाच असतो. आमचा खरा आक्षेप तिथे आहे.

निरुपद्रवी गळती आणि खरा बिघाड यांतला फरक टेस्टर सांगू शकत नाही. त्याचा दिवा दोन्हीकडे लागतो. दुकानात आम्ही बॉडी आणि अर्थ यांच्यामध्ये 10 किलोओहमचा जाडसर रेझिस्टर लावून मोजतो. शंभर व्होल्ट कोसळून दोन-तीन व्होल्टवर आले, तर ती कपॅसिटरची गळती. दाब तसाच टिकला, तर आत फेज पोचला आहे आणि तो अडॅप्टर आम्ही परत देत नाही. हे घरी करू नका.

तीन गोष्टी कृपया करू नका

अर्थची पिन कापू नका. दोन पिनचा प्लग तीन पिनच्या सॉकेटमध्ये घुसवण्यासाठी वरच्या भोकात काडी किंवा पेनचे टोक खुपसून झडप उघडू नका.

तिसरी सर्वांत धोक्याची. "अर्थ नाही ना, मग देतो करून" म्हणत काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून तार ओढून अर्थच्या टर्मिनलला जोडतात. झिणझिण्या लगेच थांबतात आणि सगळे खूश होतात. पुढे कधी मीटरबॉक्सपासून येणारी न्यूट्रल कुठे ढिली झाली, की चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून येणारा फेज त्याच तारेने प्रत्येक तीन पिनच्या उपकरणाच्या बॉडीवर चढतो, पूर्ण 230 व्होल्ट. इथे करंटला मर्यादा घालणारा कपॅसिटर मधे नसतो. शंका असेल तर वायरमनला इस्त्री चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा. काही व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे. अगदी शून्य दिसले तर सॉकेट उघडून बघायला लावा.

खोलीत अर्थ आणणे सध्या शक्य नसेल आणि लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल, तर चौकोनाचे चिन्ह आणि BIS चा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला, पुरेशा वॅटचा दोन पिनचा चार्जर घ्या. हलकी झिणझिण राहू शकते, पण त्याची सुरक्षितता अर्थवर अवलंबून नसते. म्हणूनच त्याचे कवच जपावे लागते. तडा गेला, पिना हलू लागल्या किंवा पावसात गॅलरीत भिजला, तर टेप न लावता टाकून द्या.

तपासायला येताना अडॅप्टरसोबत त्याची भिंतीकडची वायरही आणा. निम्म्या वेळा अर्थ तिच्यातच तुटलेला सापडतो.