इम्पेर्फेत्तो आणि पास्सातो प्रोस्सिमो

इटालियन क्रियापदाचे दोन भूतकाळ. इम्पेर्फेत्तो हा अपूर्ण भूतकाळ. पास्सातो प्रोस्सिमो हा आव्हेरे (असणे, जवळ असणे) किंवा एस्सेरे (असणे) या साहाय्यक क्रियापदाला भूतकालवाचक धातुसाधित जोडून होणारा पूर्ण भूतकाळ. बालपणाविषयीच्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या अभ्यासात हे दोन एकाच उताऱ्यात समोरासमोर येतात.

इम्पेर्फेत्तोचे प्रत्यय मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने -वो, -वी, -वा, -वामो, -वाते, -वानो असे आहेत. त्यांच्या आधी धातूच्या गणानुसार आ, ए किंवा ई हा स्वर येतो: पार्लारे (बोलणे) याचे पार्लावो, लेज्जेरे (वाचणे) याचे लेज्जेवो, दोर्मीरे (झोपणे) याचे दोर्मीवो. फारे (करणे) याचे फाचेवो आणि दीरे (म्हणणे) याचे दिचेवो ही रूपे अनियमित वाटतात, पण ती लॅटिनमधील फाकेरे, दीकेरे या जुन्या लांब धातूंवर बेतलेली आहेत. खरे अनियमित एकच, एस्सेरे: एरो, एरी, एरा, एरावामो, एरावाते, एरानो. बोलताना चूक होते ती आघाताची. ‘पार्लावामो’मध्ये आघात वा वर पडतो, ‘पार्लावानो’मध्ये मात्र ला वर.

प्रथमपुरुषी -वो या प्रत्ययाची व्युत्पत्ती वादाची आहे. लॅटिन ‘कांताबाम’मधील अंत्य म गळाला, दोन स्वरांमधील ब चा व झाला आणि ‘कांतावा’ हे रूप उरले. ‘तो गात होता’ याचे रूपही तेच होते. फ्लोरेन्सच्या बोलीत ओकारान्त रूप बहुधा चौदाव्या शतकापासून आढळते. काहींच्या मते ‘मी’ आणि ‘तो’ यांतील गोंधळ टाळण्याच्या गरजेतून ते आले. पण ‘इयो कांतावा’ असे सर्वनाम लावून हा गोंधळ टाळता येत होता आणि लेखनात तसे शतकानुशतके चालले. त्यामुळे वर्तमानकाळातील ‘कांतो’, ‘पार्लो’ यांच्या सादृश्याने ओ आला, हे मत अधिक पटणारे आहे. पिएत्रो बेम्बोने 1525 मधील आपल्या ग्रंथात आकारान्त रूपच प्रमाण धरले होते. आलेस्सांद्रो मांझोनीने आपल्या ‘ई प्रोमेस्सी स्पोसी’ या कादंबरीच्या 1840–42 च्या आवृत्तीत आधीची आकारान्त रूपे बदलून -वो केली, त्यानंतर ओकारान्त रूप लेखनात रुळले.

आता उतारा पाहू: ‘दा बांबीनो ___ (आंदारे) ओन्यी एस्ताते दाई नोन्नी. उन जोर्नो, मेंत्रे ___ (जोकारे, आम्ही), मियो कुजीनो ___ (कादेरे) ए ___ (रोंपेर्सी) उन ब्राच्चो.’ म्हणजे: लहानपणी मी दर उन्हाळ्यात आजी-आजोबांकडे जायचो. एके दिवशी आम्ही खेळत असताना माझा चुलतभाऊ पडला आणि त्याचा हात मोडला. पहिल्या जागी ‘आंदावो’, कारण सवय. दुसऱ्या जागी ‘जोकावामो’, कारण मागे चालू असलेली क्रिया. तिसऱ्या व चौथ्या जागी ‘ए कादूतो’ आणि ‘सी ए रोत्तो’, कारण या क्रिया एकदाच घडून संपल्या. मराठीत पहिल्या दोन जागांसाठी ‘जायचो’ (ग्रांथिक ‘जात असे’) आणि ‘खेळत होतो’ अशी दोन वेगळी रूपे आहेत. इटालियनला एकच पुरते, म्हणून मराठी विद्यार्थ्याला प्रत्ययापेक्षा तिसऱ्या जागेचीच काळजी असावी.

शब्दखुणांवर फार विसंबू नये. ‘ओन्यी’ (दर) असेल तर इम्पेर्फेत्तो आणि ‘उन जोर्नो’ (एके दिवशी) असेल तर प्रोस्सिमो, हा नियम बहुतेक वेळा चालतो. पण ‘सेंप्रे’ (नेहमी) दोन्हींबरोबर येतो. कसोटी कालावधीच्या लांबीची नसून मर्यादेची आहे. ‘वीवेवो आ तोरीनो’ म्हणजे मी तोरीनोत राहत होतो. पण ‘पेर चिंक्वे आन्नी’ (पाच वर्षे) अशी सीमा जोडली की ‘ओ विस्सूतो’ येते, पाच वर्षे हा दीर्घ काळ असूनही. वय सांगताना इम्पेर्फेत्तोच हवा: ‘आवेवो दियेची आन्नी’, मी दहा वर्षांचा होतो. ‘सापेवो’ म्हणजे मला ठाऊक होते, तर ‘ओ सापूतो’ म्हणजे मला कळले.

उताऱ्यांत क्वचितच येणारा एक वापर मुलांच्याच तोंडी आहे. खेळात भूमिका वाटून घेताना ती ‘इयो एरो इल रे’, म्हणजे शब्दशः ‘मी राजा होतो’, असे म्हणतात आणि अर्थ असतो ‘मी राजा व्हायचं’. इथे इम्पेर्फेत्तो भूतकाळ दाखवत नाही. व्याकरणकार त्याला ‘इम्पेर्फेत्तो लूदिको’, खेळातला अपूर्ण भूतकाळ, म्हणतात.