होडी किती सरकली? एका जुन्या गणिताची पार्श्वभूमी

अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे गणित बहुतेकांनी एकदा तरी सोडवलेलं असतं. संथ पाण्यावर एक होडी उभी आहे. तिचं वजन १४० किलो. मागच्या टोकाशी ६० किलोचा माणूस उभा आहे. तो होडीतून ३ मीटर चालत पुढच्या टोकाशी जातो. तर होडी किती सरकेल?

होडी मागे सरकणार हे सांगावं लागत नाही. धक्क्याला न बांधलेल्या होडीतून घाईने उतरलेल्या प्रत्येकाला ते पायांनी शिकवलेलं असतं. आपण पाय पुढे टाकतो आणि होडी खालून निसटते. प्रश्न फक्त अंतराचा आहे, आणि निम्मा वर्ग तिथेच फसतो. माणूस ३ मीटर चालला, म्हणजे ६० गुणिले ३ बरोबर १८०. त्याला १४० ने भागलं की उत्तर आलं १.२९ मीटर. चूक कुठे झाली हे ताडून पाहता येतं. या हिशोबात माणूस काठापासून ३ मीटर पुढे गेला आणि होडी १.२९ मीटर मागे गेली, असं धरलं आहे. तसं असेल तर होडीच्या फळ्यांवर त्याने ४.२९ मीटर अंतर कापलं. गणितात तर ३ मीटरच दिले होते.

ते ३ मीटर होडीवर मोजलेले आहेत, काठावरून नव्हे. होडी x मीटर मागे गेली, तर काठावरून माणूस ३ − x मीटरच पुढे गेलेला दिसेल. मग ६० × (३ − x) = १४० × x, आणि x बरोबर ०.९ मीटर. माणूस काठाच्या हिशोबाने २.१ मीटर पुढे, होडी ०.९ मीटर मागे. ६० गुणिले २.१ म्हणजे १२६, १४० गुणिले ०.९ म्हणजेही १२६. दोन्ही बाजू जुळल्या.

या दोन ओळींमागे सतराव्या शतकातलं एक भांडण आहे. भांडणाचा विषय असा, की जगातली 'गती' मोजायची कशी?

फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्तने १६४४ साली मांडलं, की देवाने सृष्टी निर्माण करताना तिच्यात गतीचा एक ठरावीक साठा घातला आणि तो कायम तेवढाच राहतो. साठा मोजायची रीत म्हणजे वस्तूचं आकारमान गुणिले वेग. दिशेला या गुणाकारात स्थान नव्हतं. डावीकडे जाणारा चेंडू आणि उजवीकडे जाणारा चेंडू, दोघांची गती जमेलाच धरायची.

देकार्तला होडीचं गणित कुणी घातलं नव्हतं. पण घालून पाहू. माणूस सेकंदाला १ मीटर या वेगाने होडीत चालतो आहे. काठावरून त्याचा वेग ०.७ मीटर आणि होडीचा उलट दिशेने ०.३ मीटर. माणसाचा गुणाकार ६० × ०.७ = ४२. होडीचा १४० × ०.३ = ४२. देकार्तच्या रीतीने बेरीज ८४. पण माणूस निघण्याआधी सगळं स्थिर होतं, म्हणजे साठा शून्य होता. तो चालायला लागला आणि शून्यातून ८४ निघाले, तो थांबला आणि ते पुन्हा गायब झाले. साठा कायम राहतो म्हणणाऱ्याला हे परवडणारं नाही. दिशेला धन-ऋण चिन्ह दिलं की मात्र ४२ वजा ४२, शून्य. असा चिन्हासह धरलेला गुणाकार म्हणजेच आजचा संवेग. निघण्याआधी शून्य, चालताना शून्य, थांबल्यावर शून्य.

देकार्तचा हिशोब ज्याने मोडला त्याने योगायोगाने होडीच वापरली. क्रिस्तियान हायगेन्स हा हॉलंडचा, द हेगचा. त्याच्या देशात गावोगावी कालवे, कालव्यात प्रवासी नावा, आणि काठावरून दोरीने नाव ओढणारा घोडा. नाव इतकी संथ चाले की आतल्या माणसाला हालचाल जाणवू नये. १६५६ च्या सुमारास हायगेन्सने टकरींवर एक ग्रंथ लिहिला, तो छापला गेला मात्र १७०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्यात एक चित्र आहे. नावेत एक माणूस दोन्ही हातांत दोऱ्यांना टांगलेले चेंडू धरून उभा आहे, आणि काठावरचा दुसरा माणूस त्याच्या हातांना हात लावून तीच टक्कर पाहतो आहे.

युक्ती अशी. नावेतला माणूस दोन सारखे चेंडू सारख्याच वेगाने एकमेकांवर आपटतो. दोन्ही त्याच वेगाने उलटे फिरतात, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. आता नाव नेमकी त्याच वेगाने कालव्यातून चालली आहे असं धरा. काठावरच्या माणसाला एक चेंडू जागेवर स्थिर दिसतो आणि दुसरा दुप्पट वेगाने येऊन त्याला धडकताना दिसतो. टक्कर झाल्यावर येणारा थांबतो, स्थिर असलेला त्याच दुप्पट वेगाने निघून जातो. कॅरमची सोंगटी दुसरीवर नेमकी समोरून बसली की असंच काहीसं दिसतं. देकार्तचा सहावा नियम मात्र म्हणत होता, की स्थिर चेंडूवर ४ मात्रा गतीने आदळलेला तेवढाच चेंडू १ मात्रा देऊन ३ मात्रांनी मागे फिरेल. ३ आणि १ मिळून ४, साठा जुळला! पण नावेतून आणि काठावरून पाहिलेली टक्कर एकच आहे, तिची दोन वेगवेगळी उत्तरं कशी असतील?

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीच्या नियमांचा प्रश्न जाहीरपणे हाती घेतला. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि हायगेन्स, तिघांनी उत्तरं पाठवली. वॉलिस आणि रेन यांचे लेख आधी छापले गेले, हायगेन्सचा राहिला, आणि त्याने तो १६६९ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या नियतकालिकात स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्या लेखात शेवटाकडे एक विधान आहे, ज्याला त्याने स्वतः निसर्गाचा अद्भुत नियम म्हटलं. दोन, तीन किंवा कितीही वस्तू एकमेकींवर आदळू देत, त्यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्यांच्या वजनाचा समतोल बिंदू, असतो तो टकरीआधी आणि टकरीनंतर एकाच दिशेने, एकसारखा, सरळ रेषेत चालत राहतो.

आपल्या गणिताचं मूळ या वाक्यात आहे. गुरुत्वमध्य आधी स्थिर असेल तर तो स्थिरच राहणार. माणूस पुढे गेला की होडीने मागे येऊन तो जागच्या जागी ठेवायचा, बस. वेग किती, पावलं किती, माणूस मध्ये थांबून विडी ओढला का, याच्याशी उत्तराला देणंघेणं नाही. ०.९ मीटर म्हणजे ०.९ मीटर. गुरुत्वमध्याची कल्पना आर्किमिडीजपासूनची होती, पण ती तराजू आणि तरफांच्या कामाची, स्थिर वस्तूंची. तिला हलत्या वस्तूंच्या हिशोबात आणून बसवलं ते या पिढीने.

न्यूटनने १६८७ मध्ये हेच आपल्या गतिनियमांचा चौथा उपसिद्धांत म्हणून मांडलं, आणि त्यात टकरीपुरतीची मर्यादा काढून टाकली. वस्तू एकमेकींवर कोणत्याही प्रकारे बल लावोत, आघाताने, ओढीने, किंवा माणसाच्या तळव्याने फळीला दिलेल्या रेट्याने, सामायिक गुरुत्वमध्य आपली अवस्था बदलत नाही. फक्त बाहेरून कुणी हात लावता कामा नये.

इथे पाणी आडवं येतं. गणितात 'संथ पाणी' लिहिलेलं असतं, पण संथ पाणी म्हणजे पाणीच नाही असं नव्हे. होडी मागे सरकताना पाणी तिला अडवतं, म्हणजे बाहेरून पुढच्या दिशेने ढकलतं. खरी होडी तळ्यात घालून मोजली तर काय दिसेल? माणूस चालू लागला की होडी ०.३ मीटर वेगाने मागे निघते, पण पाणी तिला हळूहळू मंद करतं. शेवटच्या पावलाला तिचा वेग समजा ०.२५ उरला. माणूस होडीवर अजून १ मीटर वेगानेच चालतो आहे, म्हणजे काठावरून ०.७५. आता ६० × ०.७५ म्हणजे ४५, त्यातून १४० × ०.२५ म्हणजे ३५ वजा. १० उरले, पुढच्या दिशेने. माणूस थांबतो तेव्हा हे १० कुठे जाणार? होडी आणि माणूस मिळून २०० किलो सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने पुढे तरंगू लागतात. आतापर्यंत मागे सरकणारी होडी माणूस थांबताक्षणी उलटी फिरते. काठावर खूण करून बारकाईने पाहिलं तर पाण्याने हिशोबात हात घातल्याची हीच ओळख.

होडी परत किती येईल? पाण्याचा अडथळा वेगाच्या सरळ प्रमाणात असेल तर उत्तर थक्क करणारं आहे: पूर्ण. अशा अडथळ्याने दिलेला एकूण रेटा, म्हणजे बल गुणिले वेळ, हा होडीच्या एकूण सरकण्याच्या प्रमाणात असतो. सुरुवातीला सगळं स्थिर, शेवटी सगळं स्थिर, म्हणजे एकूण रेटा शून्य. मग एकूण सरकणंही शून्य. पाणी कितीही पातळ घ्या, अडथळा कितीही थोडा घ्या, होडी मूळ जागी येऊन ठेपते, फक्त वेळ जास्त लागतो. आणि अडथळा अजिबात नसेल तर ०.९ मीटर मागेच राहते. 'नगण्य अडथळा' आणि 'शून्य अडथळा' यांत एवढं अंतर आहे. खऱ्या होडीला मात्र बराच वेळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अडथळा होतो. तसं असेल तर मागे जाताना वेग जास्त म्हणून दर मीटरला रेटा जास्त, आणि तो फेडायला हळू वेगाने पुढे जास्त अंतर कापावं लागतं. होडी मूळ जागा ओलांडूनही जाऊ शकते. त्याआधी वाऱ्याची एखादी झुळूक सगळा हिशोब घेऊन जाते, ही गोष्ट वेगळी.

पाणी नको असेल तर होडी अंतराळात न्यावी लागते. आइन्स्टाइनने १९०६ मध्ये जवळपास तेच केलं. सापेक्षतेचा पहिला लेख येऊन वर्षही उलटलं नव्हतं. त्याने कल्पना केली ती एका बंद पोकळ नळकांड्याची, मोकळ्या जागेत तरंगणाऱ्या. एका टोकाकडून प्रकाशाचा एक झोत निघतो आणि दुसऱ्या टोकावर शोषला जातो. या होडीत चालणारा माणूस म्हणजे प्रकाश.

प्रकाशाला संवेग असतो हे तेव्हा माहीत होतं. झोताची ऊर्जा E आणि प्रकाशाचा वेग c असेल तर संवेग E/c. म्हणून झोत निघताना M वस्तुमानाचं नळकांडं E/(Mc) वेगाने मागे सरकतं. झोताला L लांबी पार करायला L/c इतका वेळ लागतो. तेवढ्या वेळात नळकांडं EL/(Mc²) इतकं सरकतं आणि मग थांबतं. बाहेरून कुणी हात लावलेला नाही, तरी नळकांडं जागचं हललं. प्रकाशाला वस्तुमान नाही म्हटलं तर गुरुत्वमध्य आपोआप हलला, आणि असा खेळ पुन्हा पुन्हा केला तर नळकांडं स्वतःला हवं तितकं दूर नेईल. हे टाळायचं तर झोताने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काही वस्तुमान वाहून नेलंच पाहिजे. किती? होडीचाच हिशोब: m × L = M × EL/(Mc²). म्हणजे m = E/c².

फ्रेंच गणितज्ञ आँरी पोआंकारेने १९०० मध्ये प्रकाश आणि गुरुत्वमध्य यांची ही अडचण हाताळली होती, आणि लेखातला हिशोब मूलतः त्याच्या कामात आहे हे आइन्स्टाइनने मोकळेपणाने लिहिलं. या नळकांड्याच्या युक्तिवादातही एक फट आहेच. एका टोकाला धक्का बसला की सगळं नळकांडं एकदम सरकतं असं त्यात धरलं आहे. प्रत्यक्षात धक्क्याची खबर धातूतून ध्वनीच्या वेगाने जाते, आणि ती दूरच्या टोकाला पोहोचायच्या कितीतरी आधी प्रकाश तिथे जाऊन शोषला गेलेला असतो. म्हणून पुढच्या लेखकांनी नळकांडं काढून दोन सुटी टोकं घेतली आणि हिशोब पुन्हा मांडला. उत्तर तेच आलं.