मॉनिटर व ग्राफिक्स कार्ड यांची जुळणी

ग्राफिक्स कार्डाकडून प्रत्यक्षात मिळू शकणारा फ्रेमदर आधी निश्चित करून त्यानुसार मॉनिटरचा रिफ्रेश रेट, रिझोल्यूशन व पॅनेलचा प्रकार ठरविण्याची पद्धत. रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरील चित्र एका सेकंदात कमाल किती वेळा नव्याने उमटू शकते ती संख्या. ती हर्ट्झमध्ये सांगतात आणि ती मॉनिटरच्या रचनेनेच ठरलेली असते. फ्रेमदर म्हणजे कार्ड एका सेकंदात जितकी नवी चित्रे, म्हणजे फ्रेमा, तयार करते ती संख्या; ती मात्र खेळागणिक, किंबहुना दृश्यागणिक बदलते. खोक्यावर छापलेला आकडा हा पहिल्या राशीचा असतो आणि डोळ्यांना मिळणारा अनुभव बव्हंशी दुसऱ्या राशीवर अवलंबून असतो. जुळणीचा प्रश्न या तफावतीतून उद्भवतो.

प्रचलित आकड्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. 60 हर्ट्झचा संबंध सामान्यतः अमेरिकेतील वीजपुरवठ्याच्या वारंवारितेशी आणि तिला अनुसरून 1941 मध्ये ठरलेल्या, सेकंदाला 60 क्षेत्रे, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे, दाखविणाऱ्या दूरचित्रवाणी प्रमाणाशी जोडला जातो. तथापि संगणकांचे पुढील काळातील काचनळीचे मॉनिटर झगमग टाळण्यासाठी बऱ्याचदा 70 ते 85 हर्ट्झवर चालविले जात; त्यामुळे द्रव-स्फटिक पडद्यांबरोबर 60 हा आकडा पुन्हा का रूढ झाला, हे केवळ विजेच्या वारंवारितेने स्पष्ट होत नाही. द्रव-स्फटिक पडदा तसा झगमगत नाही, म्हणून 60 पुरेसे वाटले असावे. शिवाय 1999 च्या डीव्हीआय जोडणीची एकेरी वाहिनी 165 मेगाहर्ट्झपर्यंतच पिक्सेल वाहून नेई, आणि त्या मर्यादेत 1920×1200 चे चित्र 60 हर्ट्झला जेमतेम बसे. 144 हर्ट्झबाबतही असाच वाद आहे. चित्रपटाच्या 24 फ्रेमांची ती सहापट असल्याने तो आकडा निवडला गेला, असे वारंवार सांगितले जाते. पण 120 हीदेखील 24 ची पाचपटच आहे, त्यामुळे या युक्तिवादातून 120 सोडून 144 कडे जाण्याचे कारण मिळत नाही. दुहेरी डीव्हीआयची मर्यादा 330 मेगाहर्ट्झ होती आणि 1920×1080 चे चित्र 144 हर्ट्झला, दोन ओळींमधील व दोन चित्रांमधील रिक्त अवकाश शक्य तितका कमी केल्यास, सुमारे 325 मेगाहर्ट्झ घेते. केबलच्या क्षमतेचे हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

स्थिर रिफ्रेश रेटच्या काळात जुळणी कठोर असे. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलते. फ्रेम त्या ठोक्याला तयार नसेल, तर जुनेच चित्र पुन्हा दिसते व हालचाल अडखळते, किंवा अर्धवट बदललेले चित्र दाखविले जाऊन आडवी फाट दिसते. परिवर्ती रिफ्रेश रेटमुळे ही अट शिथिल झाली. एनव्हिडियाने ऑक्टोबर 2013 मध्ये जी-सिंक जाहीर केले. 2014 मध्ये एएमडीने फ्रीसिंक पुढे आणले व व्हेसा या संस्थेने त्याच वर्षी अडॅप्टिव्ह-सिंक हे वैशिष्ट्य डिस्प्लेपोर्ट जोडणीच्या 1.2ए आवृत्तीत समाविष्ट केले. यात पडदा कार्डाची वाट पाहतो व फ्रेम तयार होताच ती उमटवितो. मात्र हे ठरावीक पट्ट्यातच घडते. उदाहरणार्थ, 48 ते 144 हर्ट्झ असा पट्टा असेल आणि फ्रेमदर 40 वर आला, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून पडदा 80 हर्ट्झवर चालविला जातो. यालाच कमी फ्रेमदराची भरपाई म्हणतात. 48 ते 75 हर्ट्झच्या पट्ट्यात हे शक्य होत नाही, कारण 80 हा आकडाच पट्ट्याबाहेर पडतो. म्हणून पट्ट्याचे वरचे टोक खालच्या टोकाच्या निदान दुप्पट असावे, असा संकेत आहे. मध्यम ताकदीच्या कार्डासाठीही 144 किंवा 165 हर्ट्झचा मॉनिटर सुचविला जातो, त्याचे खरे कारण वरचा आकडा गाठणे हे नसून पट्ट्याची ही रुंदी आहे.

कार्डाची ताकद ठरविताना सरासरी फ्रेमदराबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा दर पाहावा लागतो. हा दर काही साधने त्या एक टक्क्याची सरासरी घेऊन काढतात, तर काही 99 व्या शतमानावरील फ्रेमवेळेवरून, म्हणजे 99 टक्के फ्रेमा ज्या वेळेच्या आत तयार होतात त्या वेळेवरून. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे सरळ ताडून पाहणे योग्य नव्हे. मोजणीपूर्वी एक साधी खातरजमा आवश्यक असते: रिझोल्यूशन एक पायरी कमी केल्यावर फ्रेमदर लक्षणीय वाढला, तर मर्यादा कार्डाची आहे, जवळजवळ तितकाच राहिला, तर ती प्रोसेसरची आहे आणि कार्ड बदलूनही वरचा रिफ्रेश रेट वापरात येणार नाही.

समजा, एखादे कार्ड एका जड खेळात 2560×1440 ला सरासरी 82 व मंद एक टक्क्यात 58 फ्रेम देते, आणि 1920×1080 ला सरासरी 112 देते. आकडा चांगला वाढतो, अर्थात प्रोसेसर आड येत नाही. 3840×2160 मध्ये पिक्सेलांची संख्या 1440 च्या सव्वादोन पट होते. फ्रेमदर नेमका त्याच प्रमाणात घटतो असे नाही, बहुधा थोडा कमी घटतो. तरीही 82 ला 2.25 ने भागून येणारा 36 हा सावध अंदाज धरल्यास मंद क्षणी दर तिशीच्या खाली जाऊ शकतो. तेथे भरपाई सुरू होऊन फाट टळेल, पण नव्या फ्रेमाच मोजक्या असल्याने हालचाल जड वाटेल. 1440 ला मात्र 58 ते 82 हा सर्व व्यवहार 48 ते 165 च्या पट्ट्यात राहतो. अशा कार्डाला 144 ते 180 हर्ट्झचा 1440 मॉनिटर योग्य ठरतो. 240 हर्ट्झचा खर्च त्याच वापरकर्त्याच्या हलक्या स्पर्धात्मक खेळांत फ्रेमदर खरोखर 200 पलीकडे जात असेल, तरच सार्थ होतो.

पॅनेलची निवड येथपर्यंत आल्यावरच करावी, कारण जाहिरातीतील प्रतिसादवेळ, म्हणजे पिक्सेलला रंग बदलण्यास लागणारी वेळ, कमाल रिफ्रेश रेटवर मोजलेली असते आणि वरील कार्ड त्या दरावर क्वचितच पोहोचते. द्रव-स्फटिक पॅनेलमध्ये पिक्सेल लवकर बदलावा म्हणून त्याला क्षणभर लक्ष्याहून जास्त विद्युतदाब दिला जातो. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. हा जादा दाब पुढील फ्रेम येईपर्यंत टिकतो. 165 हर्ट्झला ती वाट 6 मिलिसेकंदांची असते, 70 फ्रेमांवर 14 मिलिसेकंदांची होते. तेवढ्या वेळात पिक्सेल लक्ष्याच्या पलीकडे जातो व फिरणाऱ्या वस्तूमागे फिकट, उलट रंगाची कड दिसते. दर घटताच दाबही घटविणारी परिवर्ती ओव्हरड्राइव्हची सोय काही मॉनिटरांतच असते, विशेषतः जी-सिंकचा स्वतंत्र मॉड्यूल असलेल्या. ती नसल्यास ओव्हरड्राइव्हची मधली पातळी निवडून कार्डाच्या नेहमीच्या फ्रेमदराला तपासणी करावी लागते. मॉनिटर चांगला की वाईट हे कमाल दरावर ठरविणारी परीक्षणे या वापरकर्त्याला फारशी उपयोगी पडत नाहीत, ती यामुळेच.

द्रव-स्फटिक पॅनेलचे आयपीएस, व्हीए व टीएन हे प्रमुख प्रकार आहेत. आयपीएस पॅनेल पाहण्याच्या कोनात व रंगांत भरवशाचे असते, पण त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. त्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर साधारण 1000:1 असते. व्हीए पॅनेलचे बहुधा 3000:1 च्या आसपास असते. त्याची खोट गडद छटांमधील संथ बदलात आहे, ज्यामुळे अंधाऱ्या दृश्यात वस्तूमागे काळी फरफट दिसते. येथे एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. पडदा प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो, म्हणून सेकंदाला 960 पिक्सेल सरकणारी वस्तू 60 फ्रेमांवर डोळ्यांना सुमारे 16 पिक्सेल पसरलेली भासते आणि 120 वर 8. कार्ड सत्तरीत रेंगाळत असेल तर ही अस्पष्टता आधीच 14 पिक्सेलांच्या घरात असते व व्हीएची फरफट तिच्यात काहीशी दडून जाते. तेच पॅनेल 160 फ्रेमांवर चालविल्यास फरफट उघडी पडते. संथ पॅनेल मंद कार्डाला तितकेसे जाचत नाही, हा निष्कर्ष यातून निघतो, मात्र गडद दृश्यांबाबत संवेदनशील असणाऱ्यांना तो लागू पडेलच असे नाही. टीएन पॅनेल आता प्रामुख्याने अतिउच्च रिफ्रेश रेटच्या स्पर्धात्मक मॉनिटरांत आढळते.

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो व त्याचा बदल जवळजवळ तात्काळ होतो, त्यामुळे ओव्हरड्राइव्हचा प्रश्न उरत नाही. पण फ्रेम धरून ठेवल्याने येणारी अस्पष्टता कायम राहते आणि 60 फ्रेमांवर 240 हर्ट्झचा ओएलईडी पडदाही तेच 16 पिक्सेल पसरवितो. शिवाय अशा पडद्याचे प्रकाशमान ठरावीक रिफ्रेश रेटला अनुसरून बसविलेले असते. फ्रेमदर वेगाने खालीवर झाला, किंवा भरपाईच्या सीमेवर म्हणजे 48 च्या आसपास घुटमळला, तर गडद राखाडी भाग लुकलुकताना दिसतात; खेळ लोड होत असतानाच्या पडद्यावर हे विशेष जाणवते. व्हीएमध्येही हा दोष कमीअधिक आढळतो. यावर उपाय कार्डाच्या बाजूने करावा लागतो: फ्रेमदराला मर्यादा घालून तो एका अरुंद कक्षेत ठेवावा. वरील उदाहरणातील कार्डाला 75 ची मर्यादा घातल्यास सरासरी किंचित खाली येते, पण लुकलुक बरीच कमी होते.

कमी रिझोल्यूशनला रेखाटलेले चित्र मोठे करून दाखविणाऱ्या अपस्केलिंगमुळे हिशेब थोडा बदलतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंग तंत्राच्या क्वालिटी पातळीवर 3840×2160 चे चित्र आतून 2560×1440 ला रेखाटले जाते, म्हणून वरील कार्ड 2160 च्या पडद्यावर 82 पासून फार दूर नसलेला दर देऊ शकते. प्रक्रियेचा काही भार वजा होतो. फ्रेम जनरेशनने, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कृत्रिम फ्रेमा घातल्याने, दाखविल्या जाणाऱ्या फ्रेमा वाढतात, मात्र आज्ञा आणि चित्र यांतील विलंब मूळ फ्रेमदराशीच बांधलेला राहतो. त्यामुळे मूळ 40 चे 80 होणे हे पट्ट्यात बसण्यापुरते उपयुक्त असले, तरी ते मूळ 80 च्या तोडीचे नसते.

केबलची मर्यादाही तपासावी लागते: डिस्प्लेपोर्ट 1.4 प्रत्यक्षात सेकंदाला 25.92 गिगाबिट वाहून नेतो, तर 3840×2160 ला 144 हर्ट्झचे 8 बिटी चित्र केवळ पिक्सेलांचेच 28.7 गिगाबिट मागते, म्हणजे संक्षेपणाशिवाय ते जात नाही. सर्वांत सामान्य चूक मात्र याहून साधी आहे. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा 60 हर्ट्झवरच राहते आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये दर हाताने वाढवावा लागतो. परिवर्ती दर चालू आहे की नाही, हे मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतील वारंवारितेच्या आकड्यावरून कळते: खेळ सुरू असताना तो फ्रेमदरासोबत हलला पाहिजे, 165 वर खिळून राहिला, तर जुळणी झालेली नाही. फ्रेमदर वरच्या टोकाला भिडणाऱ्या हलक्या खेळांत 144 हर्ट्झच्या पडद्यासाठी सुमारे 138 ची मर्यादा घालतात, जेणेकरून दर पट्ट्यातून बाहेर पडत नाही.