फोलेट आणि फोलिक ॲसिड

फोलेट हे ब गटातले नववे जीवनसत्त्व. ते पालेभाज्यांत आणि कडधान्यांत निसर्गतः असते. फोलिक ॲसिड हे त्याच कुळातले, पण कारखान्यात बनवलेले रूप असून गोळ्यांत आणि पोषणमूल्य वाढवलेल्या पिठा-तांदळात तेच घालतात. बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. गर्भाच्या चेतानलिकेचा, म्हणजे ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या न्यूरल ट्यूबचा, प्रश्न आला की हा गोंधळ महागात पडतो. ‘रोज पालक खाते, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न त्यातूनच निघतो.

‘फोलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये पान. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्यावरून नाव पडले. पण त्याचा माग त्याआधीच मुंबईत लागला होता. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या आणि गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. या बायकांच्या रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातल्या त्या अनोळखी घटकाला पुढे बरीच वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तो घटक म्हणजे फोलेट.

दोन रूपांतला फरक

अन्नातल्या फोलेटच्या रेणूला ग्लुटामेटच्या अनेक तुकड्यांची शेपटी असते. आतड्यातले एक विकर ती छाटून एकच तुकडा ठेवते आणि मगच फोलेट आत शोषले जाते. शिवाय हे रूप नाजूक असते. उष्णता, उजेड आणि हवा यांनी ते मोडते आणि पाण्यात सहज विरघळून जाते. फोलिक ॲसिडला शेपटीचा एकच तुकडा असतो, त्यामुळे छाटणीची गरज नसते, आणि ते वर्षभर डबीत टिकते. त्याची अडचण पुढे येते. शरीराला ते थेट वापरता येत नाही. यकृतात एक विकर त्याचे कामाच्या रूपात रूपांतर करते आणि माणसात हे विकर बरेच संथ असते. म्हणून मोठ्या मात्रेनंतर थोडे फोलिक ॲसिड रक्तात जसेच्या तसे फिरताना सापडते.

शोषणातला हा फरक आकड्यांतही मांडतात. अन्नातून १ मायक्रोग्रॅम फोलेट मिळाल्याने जे साधते, तेवढे जेवणासोबत घेतलेल्या ०.६ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडने साधते. उपाशीपोटी घेतले तर ०.५ पुरते. म्हणजे जेवणासोबतची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी अन्नातल्या सुमारे ६८० मायक्रोग्रॅम फोलेटच्या बरोबरीची होते.

चेतानलिका कधी मिटते

गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्यावर भेटतात आणि तिथून वर-खाली मिटत जाऊन नळी तयार होते. हिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. या काळात पेशी झपाट्याने विभागतात आणि प्रत्येक विभाजनासाठी नवा डीएनए लागतो, ज्याच्या घडणीत फोलेट हवेच. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी घडत नाहीत. याला अनेनसेफली म्हणतात, आणि असे बाळ जगत नाही. खाली कुठे उघडे राहिले तर स्पायना बायफिडा होतो, म्हणजे मणक्याची कमान अपुरी राहून पाठीवर गाठ किंवा उघडी जखम दिसते. त्याखालच्या नसा निकामी झाल्याने पायांतली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो.

हे सगळे केव्हा घडते ते एका कॅलेंडरवर मांडून पाहावे. ऐरोलीत राहणारी आणि ठाण्याला नोकरीला जाणारी एक काल्पनिक स्त्री घेऊ. तिची शेवटची पाळी १ जूनला आली आणि चक्र २८ दिवसांचे आहे. गर्भधारणा १५ जूनच्या आसपास झाली. पाळी २९ जूनला यायची होती. ऑफिसच्या धावपळीत ‘होईल दोन दिवसांत’ म्हणत तिने आठवडा घालवला आणि ६ जुलैला घरी चाचणी केली. साधारण ७ जुलैला पट्टीच्या कडा प्रथम भेटल्या. वरचे टोक १० जुलैला आणि खालचे १२-१३ जुलैला मिटले. डॉक्टरांची वेळ मिळाली २० जुलैला. फोलिक ॲसिडची चिठ्ठी त्याच दिवशी हातात पडली, पण नळी मिटून आठवडा झाला होता. सरकारी केंद्रातून लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून मिळते, म्हणजे हिच्या बाबतीत सप्टेंबरात. ती गोळी रक्तक्षयासाठी आहे आणि तिथे ती उपयोगी पडते. नळीपुरती मात्र ती उशिराची.

त्यामुळे दिवस राहण्याआधी किमान महिनाभर रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करून पहिले तीन महिने ते चालू ठेवावे, अशी शिफारस आहे. दोन-तीन महिने आधी सुरू केले तर आणखी बरे, कारण तांबड्या पेशींतला साठा भरायला तेवढा वेळ लागतो. आधीच्या बाळाला असा दोष होता, तर मात्रा दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. हा आकडा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीतून आला. सात देशांतल्या, आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांवर ती झाली आणि पुन्हा दोष होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पूर्ण शंभर टक्के नाही, हेही ध्यानात ठेवावे. मधुमेह, फेफऱ्यावरची व्हॅल्प्रोएटसारखी औषधे आणि आनुवंशिकता यांचा वाटा उरतोच. शिवाय या चाचणीत गोळी तपासली गेली होती, भाजी नव्हे.

गल्ल्यावर एक चूक हमखास होते. ‘फोलिक ॲसिड द्या’ म्हटले की अनेक दुकानांत ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती नेहमीच्या मात्रेच्या बारा पटीहूनही मोठी असते. पट्टीमागचा आकडा आणि त्यापुढचे एकक वाचल्याशिवाय ती घेऊ नये.

ताटातले गणित

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे १४०, अख्ख्या मसुरात सुमारे १३०, चण्याच्या डाळीत सुमारे १८०, पण सालीविना मसूर डाळीत जेमतेम ५० मायक्रोग्रॅम फोलेट दिले आहे. अमेरिकी तक्त्यात कोरड्या मसुराचा आकडा ४७९ आहे. इंटरनेटवरचे बहुतेक मराठी लेख तोच उचलतात आणि आपल्या वाटीतली आमटी उगाच श्रीमंत ठरते.

आता पालकाचा प्रवास पाहू. नाशिक-पुण्याकडून आलेली जुडी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात उतरते, सकाळी ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या गाड्यावर येते आणि कधी कधी फ्रिजबाहेर दोन दिवस पडून राहते. २० अंश तापमानाला चार दिवसांत पालकातले फोलेट जवळपास निम्मे होते. आपल्याकडचा उन्हाळा २० अंशांचा नाही, हे सांगायला नकोच. त्यानंतर जुडी भरपूर पाण्यात उकडून पिळली आणि ते हिरवे पाणी सिंकमध्ये ओतले, की उरलेल्यातले आणखी निम्मे गेले. वाफवल्यास ही घट फारशी होत नाही. डाळीतच चिरून घातलेल्या पालकाचे पाणी ताटातच येते, म्हणून या हिशेबात आपली साधी डाळ-पालक पिळलेल्या भाजीपेक्षा सरस.

याबाबतीत जुन्या स्वयंपाकात एक चोख सोय आहे. पुरणासाठी चण्याची डाळ शिजवून तिचा कट काढतात. पाण्यात विरघळलेले फोलेट त्या कटातच उतरते आणि कटाची आमटी केल्याने ते परत पानात येते. आजीने हे फोलेटसाठी केलेले नसते, पण हिशेब जुळतो. मसूर भिजवून मोड आणल्यानेही फोलेट वाढते. उसळीत मसूर अख्खाच राहत असल्याने डाळीपेक्षा तिचे पारडे जड.

तरी एका दिवसाची बेरीज करून पाहा. ४० ग्रॅम अख्ख्या मसुराची उसळ म्हणजे सुमारे ५० मायक्रोग्रॅम. १०० ग्रॅम ताजा पालक डाळीत शिजवला, थोडी घट धरली तरी १०० च्या आसपास. पोळ्या, बाकीची भाजी आणि एखादे फळ यांचे मिळून आणखी काही पडते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार २२० मायक्रोग्रॅम आहे आणि चांगल्या ताटाने ती भागू शकते. गरोदरपणात तीच ५७० होते. गोळीच्या ६८० ची बरोबरी केवळ पालकाने करायची तर रोज जवळपास अर्धा किलो पालक, तोही काही वाया न जाता, खावा लागेल. महिनोन्‌महिने कोण खाणार?

रेशनवरच्या पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाने हे अंतर भरेल असे वाटते, पण त्यात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅमच फोलिक ॲसिड असते. पाव किलो तांदूळ शिजवला तर वाट्याला फार तर ३० येतात. अमेरिकेत १९९८ पासून धान्यपिठात घालतात ते किलोमागे १,४०० आहे. आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या लोहगोळीत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, त्याची रोजची सरासरी सत्तरच्या घरात पडते.

ब१२ ची अट

शाकाहारी घरांत एक वेगळीच अडचण असते. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांवरच्या दीर्घ अभ्यासात फोलेटची कमतरता क्वचित आढळली, पण सुमारे दोन तृतीयांश जणींत ब१२ कमी निघाले. पेशीत फोलेटचे एक रूप ब१२ शिवाय अडकून पडते आणि भरपूर असूनही कामी येत नाही. उलट फोलिक ॲसिड जास्त दिले तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि ब१२ च्या अभावाने नसांचे नुकसान आतल्या आत चालू राहते. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, अशी लक्षणे असतील तर नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, ब१२ ची तपासणी लागते.

दोष झालाच असेल तर अनेनसेफली बहुधा ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीतच दिसते. स्पायना बायफिडा १८ ते २० आठवड्यांच्या ‘ॲनोमली स्कॅन’मध्ये पाहतात. तिथे आधी पाठीपेक्षा डोक्याचा आकार संशय देतो. कवटीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी दबून ती लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला असतो.